टॅक्स वाचवताना कुलूप नीट बघा!

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा प्रॉडक्ट. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त शंभर मार्कांचा एक पेपर होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी आणि सरांनी सांभाळून घ्यावं. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या संभाषणातून तो सुचला ते सगळं मराठीतच झालं होतं.

झालं असं, की आमच्या विंगमधल्या फायनल इयरच्या एका दादाला कॅम्पसमधून नोकरी लागली. वर्षाला सहा लाख. पार्टी झाली, दोन दिवस विंग हवेत होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या नात्यातले एक काका पेढे घेऊन होस्टेलवर आले आणि पेढ्यांच्या बॉक्सखालून एक फॉर्म निघाला. वीस वर्षांची विमा पॉलिसी, वर्षाला पन्नास हजार हप्ता. काका म्हणाले, "अरे, आता तू कमावता झालास. टॅक्स वाचवायला नको का?" दादाने पेन शोधायला सुरुवात केली. मी तिथेच पेढा खात बसलो होतो आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा, तुला टॅक्स बसतोय का पण?"

खोलीत एकदम शांतता. काकांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी पेढ्यात मीठ टाकलंय!

हा प्रश्न मी फार हुशार आहे म्हणून विचारला नव्हता. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, या सगळ्यातून गेली आहे आणि तिने तिचा अख्खा हिशोब मला एका रात्री कागदावर मांडून दाखवला होता. तो हिशोब तिच्या परवानगीने इथे देतोय.

ताई पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर. २०१६-१७ या आर्थिक वर्षात तिचा पगार होता वर्षाला ६,६०,०००. ती आत्याकडे राहायची, म्हणजे घरभाड्याची सवलत नाही. त्या काळी टॅक्सची एकच पद्धत होती आणि वाचवायचा मुख्य रस्ता म्हणजे आयकर कायद्याचं कलम ८० सी. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात याच कलमाचा नंबर १२३ आहे, पण लोकांच्या तोंडात ८० सीच राहणार!) या कलमाखाली ठरावीक ठिकाणी पैसे टाकले की तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा होते. पण सगळं मिळून वर्षाला जास्तीत जास्त १,५०,०००. दहा ठिकाणी टाका नाहीतर एका ठिकाणी, छत हेच.

ऑफिसमधले सगळे "दीड लाख भरायचे" म्हणत होते, म्हणून ताईही दीड लाख शोधायला लागली. ही तिची पहिली चूक होणार होती, पण एका सीनिअरने वाचवलं. पगारातून दर महिन्याला प्रॉव्हिडंट फंड कापला जातो ना, तो कर्मचाऱ्याचा हिस्सासुद्धा याच दीड लाखात मोजतात. तिचा मूळ पगार २२,०००, त्याचे १२ टक्के म्हणजे महिना २,६४०, वर्षाचे ३१,६८०. म्हणजे उरलेली जागा फक्त १,१८,३२० होती. त्याच्यावर टाकलेल्या पैशाला सवलत शून्य.

ही जागा पूर्ण भरली तर फायदा किती? तिचं वरचं उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात होतं, अधिक ३ टक्के सेस. म्हणजे टाकलेल्या दर शंभर रुपयांमागे २० रुपये ६० पैसे वाचणार. एकूण २४,३७४ रुपये. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पगारात ही रक्कम लहान नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा आला. ऑफिसात प्रूफ द्यायची मुदत तर कधीच गेली होती. (ती गेली तरी ३१ मार्चपर्यंत केलेली गुंतवणूक रिटर्न भरताना दाखवता येते आणि जास्त कापलेला टॅक्स परत मिळतो. हे माहीत नसल्याने बरेच जण घाबरून मिळेल ते घेतात.) ताईने तीन ठिकाणी पैसे टाकले. ६०,००० ईएलएसएसमध्ये, म्हणजे शेअर बाजारात गुंतवणारा टॅक्सवाला म्युच्युअल फंड. २८,५०० पोस्टात पीपीएफला. आणि ३०,००० ओळखीच्या एका एजंटकडून वीस वर्षांच्या पॉलिसीला. तिन्हींमुळे टॅक्स सारख्याच दराने वाचला. आणि इथेच सगळी गंमत आहे, कारण तिन्हींची कुलुपं मात्र वेगवेगळी होती.

ईएलएसएसचं कुलूप तीन वर्षांचं. पीपीएफचं पंधरा वर्षांचं, आणि तेही खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजायचं. म्हणजे ताईचं २०३२ च्या मार्चअखेरपर्यंत. मधे थोडी रक्कम काढता येते, पण ते वर्ष संपून पाच वर्षं झाल्यावरच, म्हणजे तिच्या बाबतीत एप्रिल २०२२ पासून पुढे. पॉलिसीचं वीस वर्षांचं.

आता आपण इंजिनिअर आहोत, तर एक छोटं गणित करू. शंभर रुपये टाकले आणि २०.६० वाचले, म्हणजे खिशातून खरे ७९.४० गेले. हा फायदा एकदाच मिळतो. दरवर्षी नाही. पण पैसा अडकतो तो किती वर्षं, त्यावर या फायद्याची किंमत ठरते. तीन वर्षांच्या कुलुपावर तो पसरला तर दरवर्षी साधारण ८ टक्के जादा मिळाल्यासारखं होतं. पाच वर्षांवर पसरला तर पावणेपाच टक्के. आणि पंधरा वर्षांवर पसरला तर जेमतेम दीड टक्का! वाचलेला टॅक्स तोच, पण कुलूप जितकं लांब तितका तो पातळ होत जातो. आमच्या मेसच्या वरणासारखा. म्हणूनच "टॅक्स वाचतो ना, मग झालं" हे वाक्य वीस वर्षांच्या पॉलिसीच्या बाबतीत सर्वात पोकळ आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग काय, सगळे पैसे ईएलएसएसमध्ये टाकून मोकळं व्हावं. ताईनेही तेच ठरवलं होतं. थांबा. गोष्टीचा पुढचा भाग ऐका.

ताईचे वडील, म्हणजे माझे काका, नाशिकला एक छोटी खानावळ चालवतात. मार्च २०२० च्या शेवटी लॉकडाऊन लागला आणि खानावळीला टाळं. जागेचं भाडं चालू, दोन आचारी गावी जाऊ शकत नव्हते, त्यांचा पगार चालू. काकांना लगेच लाखभर रुपये हवे होते. ताईच्या बँकेत होते अठरा हजार. आणि योगायोग बघा, तिच्या ईएलएसएसची तीन वर्षं त्याच आठवड्यात पूर्ण झाली होती. कुलूप उघडलं!

उघडून बघितलं तर आत काय? ३१ मार्च २०१७ ला निफ्टी ९,१७४ च्या आसपास होता. ३१ मार्च २०२० ला तो होता ८,५९८. तिचा फंड अगदी निफ्टीसारखाच चालला असं धरलं, तर ६०,००० चे झाले होते सुमारे ५६,२००. तीन वर्षं वाट पाहून चार हजार कमी. तिने काढले, कारण पर्यायच नव्हता. बरोबर एक वर्षाने, ३१ मार्च २०२१ ला, निफ्टी होता १४,६९१. म्हणजे तेच साठ हजार त्या दिवशी ९६,००० च्या वर दिसले असते. ताई हे सांगताना हसते, पण ते हसणं आपल्याला एटीकेटी लागल्यावर येतं ना, तसलं आहे.

यातून मला कळलेली गोष्ट अशी. कुलूप किती वर्षांचं हा एक प्रश्न, आणि धोका किती हा वेगळाच प्रश्न. ईएलएसएसची जाहिरात "सर्वात कमी लॉक-इन" अशी करतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सर्वात कमी लॉक-इन म्हणजे सर्वात कमी अडचण. पण तीन वर्षं ही बाहेर पडायची परवानगी मिळण्याची तारीख आहे. त्या तारखेला पैसे वाढलेले असतील असं कोणीही सांगितलेलं नाही. शेअर बाजारात टाकलेल्या पैशाला सात-आठ वर्षं हात लावायची गरज पडणार नाही असं वाटत असेल, तरच ते तिथे टाकावेत. ताईची खरी चूक फंडाची निवड ही नव्हती. अडीनडीचे पैसे बाजूला नसताना तिने साठ हजार बाजारात ठेवले, ही होती. बचत खात्यात अजून पन्नास-साठ हजार असते, तर तिला त्या आठवड्यात विकावं लागलं नसतं आणि आज ही गोष्ट उलटी सांगितली गेली असती.

आणखी एक बारकावा. दर महिन्याला हप्त्याने ईएलएसएस घेतलं, तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात. जानेवारीचा हप्ता तीन वर्षांनी जानेवारीत सुटतो, फेब्रुवारीचा फेब्रुवारीत. खूप जणांना वाटतं पहिल्या हप्त्यापासून तीन वर्षं झाली की सगळंच मोकळं. तसं नाही. हप्ता चालू आहे तोवर शेवटच्या तीन वर्षांचे पैसे कायम बंदच असतात. पण मार्चमध्ये एकदम ओतण्यापेक्षा हे बरं, कारण सगळी खरेदी एकाच दिवसाच्या भावात अडकत नाही.

आता पीपीएफ. त्या मार्चमध्ये पीपीएफमधला पैसा एका रुपयानेही कमी झाला नव्हता. सरकारी हमी, व्याजावर टॅक्स नाही. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला आणि नंतर वर्षानुवर्षं तिथेच राहिला. पण ताईला त्या पैशाचा उपयोग जवळजवळ शून्य. काढायची मुभा यायला अजून दोन वर्षं होती. तोपर्यंत फक्त कर्ज मिळतं, आणि तेही दोन वर्षं आधीच्या शिलकेच्या एक चतुर्थांश इतकंच. पहिल्या वर्षानंतर ती फक्त किमान ५०० रुपये टाकत होती, त्यामुळे कर्ज बसत होतं आठ हजारांच्या आसपास. म्हणजे धोका नाही, पण पैसा हाकेच्या अंतरावरही नाही. तरी पीपीएफवर माझा राग नाही. त्याने जे सांगितलं होतं तेच केलं. पंधरा वर्षांनी लागणारा पैसा पंधरा वर्षांच्या पेटीत ठेवणं यात काही चूक नाही.

माझा खरा राग आहे तिसऱ्या कुलुपावर. कारण त्याच मार्च महिन्यात, खानावळ बंद, काकांना पैसे हवेत, आणि ताईच्या मोबाईलवर मेसेज आला. पॉलिसीचा चौथा हप्ता, ३०,००० रुपये, भरा!

जरा विचार करा. ईएलएसएस आणि पीपीएफ यांचं कुलूप टाकलेल्या पैशाला असतं. पुढच्या वर्षी टाकायचे की नाही, किती टाकायचे, हे तुमच्या हातात. पीपीएफला वर्षाला ५०० रुपये टाकले तरी खातं चालू राहतं. पॉलिसीचं कुलूप मात्र अजून न मिळालेल्या पगाराला असतं. २०१७ साली सही करून ताईने २०३६ पर्यंतच्या पगारातले दरवर्षी तीस हजार लिहून दिले होते. टॅक्स मात्र एका वर्षाचा वाचवायचा होता!

एजंटला विचारलं, बंद केली तर? नव्वद हजार भरले होते, परत मिळत होते निम्म्याच्या आसपास. शेवटी तिने ती "पेड-अप" केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद. सहा लाखांचा विमा आक्रसून तीन हप्त्यांच्या प्रमाणात नव्वद हजारांवर आला, आणि ते मिळणार २०३७ साली. ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी मधेच सोडणाऱ्यांसाठी नियम सुधारले आहेत आणि एक वर्षाचा हप्ता भरल्यावरही काही रक्कम परत मिळू शकते. बरंच झालं. पण "काही रक्कम" म्हणजे "सगळी रक्कम" नव्हे. विमा हवा असेल तर तो घरातलं कोणी आपल्यावर अवलंबून आहे म्हणून घ्यावा, साधा टर्म विमा घ्यावा. टॅक्ससाठी विमा म्हणजे कॅल्क्युलेटरची बॅटरी संपली म्हणून नवीन लॅपटॉप ईएमआयवर घेण्यासारखं आहे.

उरलेल्या गरजेच्या पैशाने काय केलं? मैत्रिणीकडून उसने घेतले आणि पुढच्या दहा महिन्यांत फेडले. काकांची खानावळ आज चालू आहे, आमटी अजूनही तशीच झणझणीत आहे. सगळं ठीक झालं. पण त्या वर्षी वाचलेले २४,३७४ रुपये आणि त्यापायी तीन वर्षांनी झालेली ओढाताण यांची बेरीज-वजाबाकी ताई अजून करते.

आता परत आमच्या दादाच्या खोलीत येऊ. कारण २०१७ आणि आजच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो काकांनी सांगितला नव्हता.

२०२० पासून टॅक्सची दुसरी, "नवीन" पद्धत आली. २०२३-२४ पासून तर आपण काहीच कळवलं नाही तर तीच लागू धरतात. या पद्धतीत ८० सी नाहीच! आणि २०२५-२६ पासून तिच्यात पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर टॅक्स शून्य आहे. दादाचे सहा लाख. ७५,००० ची सरसकट वजावट गेली, उरले सव्वापाच लाख, कोष्टकाप्रमाणे टॅक्स ६,२५० आणि तो पूर्ण माफ. म्हणजे पन्नास हजारांचा हप्ता भरून दादा जो टॅक्स वाचवणार होता, तो मुळात नव्हताच. जुनी पद्धत निवडून दीड लाख पूर्ण भरले तरी त्याचा टॅक्स शून्यच येतो. शून्यातून शून्य वजा करण्यासाठी वीस वर्षांचं कुलूप!

मग ८० सी मेलं का? नाही. जुनी पद्धत ज्यांना परवडते त्यांच्यासाठी ते आहे. पण परवडायला किती वजावटी लागतात ते बघा. २०२५-२६ च्या दरांनी १५ लाख पगाराला नव्या पद्धतीत टॅक्स होतो ९७,५००. जुन्या पद्धतीत तेवढाच टॅक्स यायला सरसकट वजावट सोडून आणखी सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी लागतात. त्यात ८० सीचे जास्तीत जास्त दीड लाख. उरलेले जवळपास चार लाख घरभाडं, गृहकर्जाचं व्याज यातून यायला हवेत. बावीस-तेवीस वर्षांच्या, तिघांत एक फ्लॅट घेऊन राहणाऱ्या पोरापोरींना ते बहुतेक जमत नाही. तेव्हा आधी दोन्ही पद्धतींनी हिशोब करा. आयकर खात्याच्या वेबसाईटवर कॅल्क्युलेटर फुकट आहे, दहा मिनिटं लागतात.

जुनी पद्धतच फायद्याची निघाली, तर माझं मत सरळ आहे. दीड लाखातून पीएफ वजा करा. उरलेल्या जागेत पैसे टाकण्याआधी चार-सहा महिन्यांचा खर्च साध्या खात्यात ठेवा, मग एखाद्या वर्षी ८० सी अर्धंच भरलं गेलं तरी चालेल. त्यानंतरच्या पैशाला "कधी लागणार?" हे विचारा. पाच वर्षांनी लग्नाला किंवा एमटेकला नक्की लागणार असेल तर पाच वर्षांची टॅक्सवाली एफडी किंवा पोस्टाचं एनएससी चालेल. व्याजावर टॅक्स आहे आणि ती एफडी मधे मोडता येत नाही, पण त्या दिवशी रक्कम किती मिळणार हे आज माहीत असतं. तारीख ठरलेली नसेल आणि बाजार पडला तर थांबायची तयारी असेल तर ईएलएसएस. आणि खूप लांबचा पैसा पीपीएफमध्ये.

सर्वात जास्त ऐकू येणारा उलटा मुद्दाही सांगतो, कारण तो खोटा नाही. माझे बाबा म्हणतात, "अरे, सक्तीने तरी शिल्लक पडते. मोकळा पैसा तुम्हा पोरांच्या हातात टिकतो का?" वीस तारखेनंतर उधारीवर मॅगी खाणाऱ्या मला यावर बोलायला तोंड नाही! कुलूप चांगलंच असतं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या पैशाला कुलूप आपण लावावं आणि किल्ली कुठल्या तारखेला मिळणार हे सही करण्याआधी वाचावं. बाबांची सक्ती पीपीएफच्या हप्त्यानेही होते. त्यासाठी पुढची वीस वर्षं लिहून द्यायची गरज नाही.

दादाने त्या दिवशी सही केली नाही. "पहिला पगार तर होऊ दे, काका," म्हणाला. काका फॉर्म घेऊन गेले. पेढे मात्र विसरून गेले, ते आम्ही रात्री संपवले. त्यावर लॉक-इन नव्हतं!